बॅच कोड बरोबर निघाला, तरी क्रीम बनावट असू शकते का?

प्रश्न: ऑनलाइन मार्केटप्लेसवरून एका नामांकित ब्रँडची ५० मिलीची फेस क्रीम मागवली. ब्रँडच्या स्वतःच्या साइटपेक्षा ४० टक्के स्वस्त मिळाली. बॅच कोड तपासायच्या साइटवर टाकला तर उत्पादनाची तारीख नीट आली, झाकणाखाली सीलही होतं. पण आधीच्या डबीपेक्षा वास वेगळा येतोय. खरी आहे की बनावट, कसं ओळखू?

उत्तर: आधी ती क्रीम लावणं थांबवा आणि खोका, डबी, सीलचा तुकडा, बिल यातलं काहीही टाकू नका. कोडवरून तारीख निघाली आणि सील होतं, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. वास वेगळा आहे, एवढ्यावरून ती बनावटही ठरत नाही. पण तुमच्याकडे एक फार मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे आधीची डबी. ती रिकामी असली तरी चालेल.

मी वीस वर्षांहून जास्त काळ क्रीम-लोशनच्या फिलिंग आणि पॅकिंग लाइनवर क्वालिटीचं काम केलं. त्यातली शेवटची काही वर्षं ग्राहकांनी तक्रार करून परत पाठवलेला माल तपासण्यात गेली. बनावट निघालेल्या डब्यांपैकी बहुतेकींवर बॅच कोड होता आणि बऱ्याचदा तो खराच कोड होता. म्हणून कोडपासूनच सुरुवात करतो, कारण लोकांची सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते.

एका मिक्सिंग टाकीत एका वेळी बनलेला माल म्हणजे एक बॅच. ५०० किलोची बॅच असेल तर त्यातून ५० मिलीच्या जवळपास दहा हजार डब्या भरतात आणि त्या सगळ्या डब्यांवर एकच कोड असतो. उद्या त्या मालात काही दोष निघाला तर नेमका तेवढाच माल बाजारातून परत बोलावता यावा, यासाठी तो असतो. तो डबीचा स्वतंत्र नंबर नाही. नकल करणाऱ्याला दुकानातून एक खरी डबी विकत घेतली, किंवा कोणाच्या फोटोतला कोड वाचला, की खरा कोड मिळतो. मग तो हवा तितक्या खोक्यांवर छापता येतो.

कोड तपासणाऱ्या साइट्सही तुम्हाला वाटतात तशा चालत नाहीत. त्या सहसा कंपनीच्या नोंदींत डोकावत नाहीत. कोणत्या ब्रँडच्या कोडची रचना कशी असते, हे त्यांना माहीत असतं. त्या रचनेप्रमाणे त्या आकड्यांचं तारखेत रूपांतर करतात, एवढंच. याची खात्री स्वतः करून पाहा. तुमच्या कोडमधला दिवसाचा आकडा एकाने वाढवून त्याच साइटवर टाका. बहुतेक वेळा पुढच्या दिवसाची तारीख तितक्याच सहज येईल, त्या दिवशी कारखाना बंद असला तरी. तेव्हा त्या साइटचा उपयोग माल किती जुना आहे हे पाहण्यापुरता. माल खरा आहे का, हे ती सांगू शकत नाही.

मग कोड बघायचा तरी कशाला? कारण एकटा कोड काही सांगत नसला, तरी बाकीच्या गोष्टींशी तो जुळतो की नाही, यातून खूप कळतं. माझ्या टेबलावर आलेलीच एक डबी घेऊ.

एका बाईंनी मार्केटप्लेसवरून घेतलेली ५० मिलीची क्रीम परत पाठवली होती. तक्रार तुमच्यासारखीच, वास वेगळा. खोक्यावर आणि डबीच्या बुडाला कोड होता `3262A1`. या प्रकारच्या कोडमध्ये पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. शेवटच्या दोन खुणा लाइनच्या आणि शिफ्टच्या. म्हणजे २०२३ सालचा २६२वा दिवस, १९ सप्टेंबर. दिवसाचा आकडा ३६६ च्या वर गेला असता तर तिथेच विषय संपला असता, आणि तसे कोडही मी पाहिलेत. काही मोठ्या कंपन्या दिवसाऐवजी तीनच अक्षरांचा कोड वापरतात. त्यात एक खूण कारखान्याची, एक महिन्याची आणि एक वर्षाची असते, आणि ऑक्टोबरपासून पुढच्या महिन्यांना आकड्याऐवजी अक्षर असतं. दोन्ही पद्धतींत वर्षाचा एकच अंक असल्यामुळे तो कोड दहा वर्षांपूर्वीचाही असू शकतो, हे लक्षात ठेवा.

`3262A1` हा कोड खरा होता. त्या दिवशी ती क्रीम खरोखर भरली गेली होती आणि डबीचा आकारही तोच होता. गडबड निघाली खोक्यात. खोक्यावरच्या घटकांच्या यादीत एक नवा घटक होता, जो फॉर्म्युला बदलल्यानंतर, म्हणजे मार्च २०२४ पासूनच्या मालात आला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये भरलेली क्रीम सहा महिन्यांनी छापलेल्या खोक्यात बसणार कशी? नकल करणाऱ्याने खोक्याचं डिझाइन नव्या मालावरून उचललं होतं आणि कोड कुठल्या तरी जुन्या फोटोवरून. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या तर बिनचूक होत्या. शेजारी ठेवल्यावर खोटेपणा उघडा पडला.

हे तुम्हालाही घरी करता येतं. दोन्ही डब्यांच्या कोडवरून तारखा काढा. मग घटकांची यादी ओळीने, एकेक नाव वाचत ताडून पाहा. नावं तीच असून क्रम बदलला असेल तर फॉर्म्युला बदललेला असू शकतो. तसं असेल तर नवी यादी नव्या तारखेच्या डबीवरच असायला हवी. जुन्या तारखेवर नवी यादी असेल तर ते गंभीर आहे. घटकांच्या नावांत स्पेलिंगच्या चुका असतील तर तेही गंभीर, कारण ही यादी कारखान्यात बऱ्याच जणांच्या नजरेखालून गेल्यावरच छपाईला जाते. उघडलेल्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात `12M` असं काही लिहिलेलं असेल, तर उघडल्यापासून किती महिने वापरायची हे ते सांगतं. ते खोक्यावर एक आणि डबीवर दुसरं असं असू नये.

खोक्यावरचा आणि डबीवरचा कोड सहसा सारखाच असतो. मी सहसा म्हणतो, कारण काही ब्रँड भरण्याचा एक आणि खोक्यात घालण्याचा दुसरा असे दोन कोड देतात, आणि गिफ्ट सेटच्या मोठ्या खोक्याला स्वतःचा वेगळा कोड असतो. तुमच्या आधीच्या डबीवर आणि तिच्या खोक्यावर काय पद्धत होती ते पाहा. तिथे दोन्ही सारखे आणि इथे वेगळे असतील तर शंका रास्त आहे.

आता कोडची छपाई, भिंग घेऊन. फोनचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं केलं तरी चालतं. खोक्यावरचं नाव, डिझाइन, घटकांची यादी हे सगळं छापखान्यात आधीच छापून येतं. बॅच कोड मात्र माल भरताना, खोका पट्ट्यावरून पळत असताना उमटवला जातो. कधी इंकजेटने, मग अक्षरं बारीक सुट्या ठिपक्यांची दिसतात. कधी लेझरने, मग वरचा रंगाचा थर जळून खालचा पांढरा कागद दिसतो. कधी नुसता दाबून ठसा असतो, नखाला लागतो. पट्टा पळत असल्यामुळे हा कोड एका खोक्यावर मिलिमीटरभर वर, दुसऱ्यावर जरा तिरका असा येतो. नवख्या माणसाला तिरका कोड म्हणजे नकली वाटतो. माझ्या अनुभवात मला जास्त शंका येते ती खोक्याच्या बाकी मजकुरासारखाच, त्याच शाईत, त्याच टाइपात, अगदी मधोमध नीट बसलेल्या कोडची. तो कोड डिझाइनबरोबरच छापखान्यात छापलाय, म्हणजे हजारो खोक्यांवर तोच. एकाच विक्रेत्याकडून सहा महिन्यांच्या अंतराने दोन डब्या घेतल्या आणि दोन्हींवर तोच कोड त्याच जागी निघाला, तर मी त्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेणार नाही.

एक सोपी गोष्ट राहिली. कोड अवतरणचिन्हांत घालून ब्रँडच्या नावासह सर्च करा, उदाहरणार्थ `"3262A1"`, मग ब्रँडचं नाव आणि `fake`. फसलेले लोक फोटोसह कोड टाकतात. तोच कोड चार वेगळ्या तक्रारींत दिसला तर बरंच कळून येतं. काहीच सापडलं नाही तर मात्र त्याचा अर्थ काहीच नाही.

सीलबद्दल थोडं सावध करतो, कारण सील पाहून लोक निर्धास्त होतात. खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक गरम हवेच्या साध्या यंत्राने कोणालाही चढवता येतं. चमकणारे होलोग्राम स्टिकरही घाऊक मिळतात. उलट, अनेक खऱ्या क्रीमच्या डब्यांना सील नसतंच, आत नुसती एक प्लॅस्टिकची चकती ठेवलेली असते. म्हणून सील आहे की नाही, याला मी महत्त्व देत नाही. ब्रँडची नेहमीची पद्धत काय आणि यावेळी ती दिसते का, हे विचारायचं.

तुमच्या डबीचं सील अॅल्युमिनियम फॉइलचं होतं का? कारखान्यात ते इंडक्शनने चिकटवतात. म्हणजे झाकण लावलेल्या डबीवरून चुंबकीय क्षेत्र फिरतं, फॉइल क्षणभर तापतं आणि त्याच्या खालचा पातळ प्लॅस्टिकचा थर डबीच्या काठाला वितळून बसतो. असं सील सोलल्यावर काठावर सगळीकडे एकसारखी बारीक कड राहते. बोट फिरवून पाहा. एका बाजूला चिकट गोंद लागतोय, दुसऱ्या बाजूला फॉइल नुसतंच टेकलेलं होतं, किंवा फॉइलखाली क्रीमचा थर काठावर पसरून सुकलाय, असं असेल तर ते हाताने चिकटवलेलं आहे. क्रीम काठावर लागलेली असेल तर सील नीट बसत नाही, म्हणून कारखान्यात काठ स्वच्छ ठेवायला जीव टाकतात. भरलेली पातळीही पाहा. यंत्राने भरलेल्या डबीत ती ठरलेल्या उंचीवर असते, आणि बऱ्याचदा मध्ये नोझल उचलल्याचं छोटं टोक दिसतं. चमच्याने भरून सपाट केलेला पृष्ठभाग वेगळा दिसतो.

इथे एक प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण त्यात वरच्या बहुतेक खुणा फसतात. महागड्या क्रीमच्या रिकाम्या डब्या आणि खोके लोक विकतात. त्यात दुसरं काही भरून नवी म्हणून विकलं जातं. तेव्हा डबी खरी, खोका खरा, कोड खरा, छपाई खरी. खोटी फक्त आतली क्रीम आणि सील. अशा वेळी झाकणाच्या आट्यांत अडकलेली जुनी वाळलेली क्रीम, डबीच्या बुडावरचे ओरखडे आणि खोक्याच्या झडपेची एकदा उघडून परत चिकटवलेली कड, एवढ्याच खुणा हाती लागतात. म्हणूनच आधीची डबी टाकताना खोका फाडून आणि कोड खरवडून टाका, अर्थात या सगळ्या तपासणीचं काम झाल्यावर.

वासाबद्दल दोन्ही बाजू सांगतो. फॉर्म्युला बदलला, माल वाटेत उन्हात तापला, किंवा मुदत संपत आली, तर खऱ्या क्रीमचाही वास बदलतो. पण तेव्हा वास शिळा, खवट किंवा मंद होतो. पूर्ण वेगळाच सुगंध, किंवा सुगंधाआड स्पिरिटसारखा तिखट वास आला, तर आत दुसरंच काही असण्याची शक्यता वाढते. वासाबरोबर पोतही पाहा. दोन्ही डब्यांतली मटारएवढी क्रीम काचेवर शेजारी पसरा, आधीच्या डबीच्या काठाला चिकटलेली थोडी असेल तरी पुरते. दहा मिनिटांनी एकीतून पाणी सुटलं, एक चिकट राहिली आणि दुसरी मुरल्यासारखी दिसली, तर फरक डोळ्यांना कळतो. चेहऱ्यावर लावून तुलना करू नका.

किमतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विक्रेता प्रामाणिक असला तरी त्याला मालाची खरेदी, मार्केटप्लेसचं कमिशन, पाठवणी आणि परत येणारा माल एवढं सगळं भागवायचं असतं. सेलमध्ये ब्रँड स्वतःच सूट देतो, त्या काळात तेवढी सूट इतरांकडेही दिसेल. ४० टक्के सूट सेल नसताना, बाराही महिने आणि साठा कधी न संपता मिळत असेल, तर माल येतो कुठून हा प्रश्न आहे. स्वस्ताईची खरी कारणंही असतात. मुदत जवळ आलेली असते, जुनं पॅकिंग असतं, सेट फोडून विकलेला असतो, किंवा दुसऱ्या देशासाठी बनलेला माल अधिकृत वितरकाला बाजूला ठेवून आणलेला असतो. विक्रेत्याला साधा मेसेज करून विचारा की बॅच कोड आणि मुदत काय आहे. खरं कारण असलेला विक्रेता ते सांगतो. आणि उलटही लक्षात असू द्या. संशय येऊ नये म्हणून बनावट माल खऱ्यापेक्षा फक्त १० टक्के कमी दराने विकणारेही आहेत. तेव्हा किंमत कमी असली तर सावध व्हा, पण जास्त आहे म्हणून निश्चिंत होऊ नका.

माझ्या मते खरेदीआधी सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो विक्रेत्याला. अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०१८ मध्ये एक अहवाल दिला. त्यांनी नावाजलेल्या शॉपिंग साइट्सवरच्या इतर विक्रेत्यांकडून ४७ वस्तू मागवल्या. त्यात बूट होते, प्रवासाचे मग होते, फोनचे चार्जर होते आणि एका ब्रँडचे मेकअपचे १३ नग होते. ४७ पैकी २० बनावट निघाल्या. बूट सगळे खरे होते, मेकअपचे तेराच्या तेरा बनावट. नमुना लहान होता, त्यावरून सगळ्या बाजाराचा हिशेब मांडता येत नाही. पण साइट मोठी आहे म्हणून माल खरा, हा समज त्यापुढे टिकत नाही.

वस्तूच्या पानावर सगळ्यात आधी बघा ती छोट्या अक्षरातली ओळ, विकणारा कोण आणि पाठवणारा कोण. माल मार्केटप्लेसच्या गोदामातून येतो म्हणजे तो मार्केटप्लेसने विकलाय असं नाही. गोदाम फक्त ठेवतं आणि पाठवतं. काही ठिकाणी एकाच बारकोडचा वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल एकत्र ठेवण्याचीही पद्धत असते. मग तुम्ही चांगल्या विक्रेत्याकडून घेतली तरी हाती दुसऱ्याची डबी पडू शकते. एकाच पानावर विक्रेते बदलत राहतात, हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गेल्या महिन्यात तुम्ही त्याच पानावरून घेतलेली क्रीम दुसऱ्याच विक्रेत्याची असू शकते.

याच कारणाने वस्तूचे तारे बघून काही कळत नाही. ते रिव्ह्यू त्या पानाचे असतात, त्या विक्रेत्याचे नसतात. विक्रेत्याच्या नावावर टॅप करून त्याचं स्वतःचं पान उघडा आणि गेल्या तीन महिन्यांतले फक्त एक आणि दोन तारेवाले अभिप्राय वाचा. ‘उशिरा आलं’ अशा तक्रारी सोडून द्या. ‘वास वेगळा’, ‘आधीसारखं नाही’, ‘खोका वेगळा’, ‘पुरळ आलं’ असे शब्द शोधा. मग तो आणखी काय विकतो ते पाहा. महागड्या क्रीमशेजारी मोबाइलची कव्हरं आणि स्वयंपाकाची भांडी विकणाऱ्याला ब्रँडने अधिकृत विक्रेता नेमलं असेल, हे मला पटत नाही. शेवटी ब्रँडच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर त्यात हे नाव अक्षरशः आहे का ते तपासा. नावापुढे ‘ऑफिशियल’ असा शब्द कोणालाही लावता येतो.

आता तुमच्या डबीचं काय करायचं ते. घरच्या तपासणीत माल बनावट असल्याचं पक्कं ठरू शकतं. खरा असल्याचं पक्कं कधीच ठरत नाही. ते फक्त कंपनीला ठरवता येतं. नीट चालणाऱ्या कारखान्यात प्रत्येक बॅचचे काही नग राखून ठेवलेले असतात, त्यांना आम्ही रिटेन्शन सॅम्पल म्हणतो. तुमची डबी त्याच बॅचच्या राखलेल्या नगाशी प्रयोगशाळेत ताडून पाहता येते.

म्हणून ब्रँडच्या ग्राहक सेवेला आजच ईमेल करा. ‘ही खरी आहे का’ असं विचारलंत तर फोटोवरून सांगता येत नाही असं उत्तर येईल. त्याऐवजी नेमकं विचारा की हा कोड या क्रीमचा, याच ५० मिलीच्या आकाराचा आणि अशाच खोक्याचा आहे का. खोक्याच्या सहाही बाजू, दोन्ही कोड, सील, डबीचं बूड, बिल आणि विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा.

त्याच वेळी मार्केटप्लेसवर तक्रार नोंदवा आणि कारण म्हणून ‘आवडली नाही’ निवडू नका, ‘बनावट’ हेच निवडा. साधी परतफेड घेतली तर ती डबी पुन्हा विक्रीला जाऊ शकते. परत करण्याची मुदत जवळ आली असेल तर कंपनीच्या उत्तराची वाट न पाहता तक्रार आधी टाका, उत्तर मागाहून जोडता येतं. डबी परत द्यावीच लागली तर त्याआधी सगळे फोटो काढून घ्या.

आणि ती लावल्यावर जळजळ, पुरळ किंवा डोळ्यांभोवती सूज आली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना डबी सोबत न्या. बनावट क्रीममध्ये पारा आणि शिसं सापडल्याची उदाहरणं आहेत. गोरेपणा देणारी म्हणून विकलेली क्रीम असेल आणि ती बरेच दिवस लावली असेल, तर डॉक्टरांना पाऱ्याच्या शक्यतेबद्दल स्वतःहून विचारा. शरीरातला पारा लघवीच्या तपासणीत कळतो.